भाव निम्म्यावर आल्याचा अलर्ट आला तर

निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंकडे एका कंपनीचे 40 शेअर होते, भाव 1,240 रुपये. भाव 1,000 च्या खाली गेला तर कळावं, म्हणून त्यांनी ॲपमध्ये अलर्ट लावून ठेवला. बाजार उघडल्या उघडल्या पहिलाच अलर्ट आला: 618! खात्यात थेट निम्मं नुकसान दिसत होतं.

भाचा म्हणाला, "मावशी, विकून टाक."

"थांब रे, आधी कालचा बंद भाव बघू दे."

ॲपमध्ये कालचा बंद भाव 1,240 ऐवजी 620 दिसत होता, म्हणजे आजची खरी घट दोनच रुपये. मग त्यांनी एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावापुढे Corporate Actions उघडलं. एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट; आणि एक्स-डेट, म्हणजे भाव त्यानुसार बदलण्याचा दिवस, आजचीच. शेअर दुप्पट होणार, म्हणून भाव निम्मा. नवे 40 शेअर डीमॅट खात्यात यायला एक-दोन दिवस लागतात. तोवर ॲप जुन्याच 40 शेअरांचा हिशेब लावतं आणि उगाच घाबरवतं. 80 गुणिले 618 म्हणजे 49,440, आणि आदल्या दिवशी होते 49,600.

शेअरचं विभाजन झालं तरी असाच अलर्ट वाजतो, कारण त्याला फक्त आकडा कळतो. मात्र कालचा बंद भाव 1,240 च असता, तर ती खरी पडझड ठरली असती आणि कंपनीची बातमी शोधावी लागली असती.

बाईंनी काहीच विकलं नाही. जुना अलर्ट काढून 500 चा लावला.