स्टेटस कॉलच्या टिपणांचा एमओएम करताना या चुका टाळा

आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक काम हमखास मिळतं : "कॉलला बस आणि एमओएम काढ." एमओएम म्हणजे कॉलवर काय ठरलं याची क्लायंटला पाठवायची लेखी नोंद. हे काम कुणी शिकवत नाही, कारण ते कारकुनी आहे असं सगळ्यांना वाटतं. मग दर सहा महिन्यांनी त्याच चुका नव्या माणसाच्या नावाने माझ्या इनबॉक्समध्ये येतात. आधी मी त्या गुपचूप दुरुस्त करायचे. आता लिहून काढतेय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

क्लायंटचा शब्द जसाच्या तसा उचलणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हिच्यावर माझा विशेष राग.

घरगुती वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही वितरकांचं ऑर्डर पोर्टल करत होतो. वितरक ऑर्डर टाकणार, गोदामातून माल निघणार, पोर्टल ई-इन्व्हॉइस काढणार. एका कॉलवर त्यांच्या सेल्सच्या साहेबांनी जाता जाता विचारलं, "ऑर्डर कॅन्सल करायची सोय धरली आहे ना?" आमचा टेक लीड म्हणाला, "हो हो, आहे ती." माझ्या वहीत उतरलं : "कॅन्सल – ओके." संध्याकाळी एमओएममध्ये मी त्याला छान कपडे चढवले : "ऑर्डर रद्द करण्याची सुविधा स्कोपमध्ये असल्याचे उभयपक्षी निश्चित झाले." त्या वाक्यावर मी खूशही होते.

पुढे यूएटी झाली, म्हणजे तयार पोर्टल क्लायंटच्या माणसांनी स्वतः तपासून बघणं. तिच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या अकाउंट्सच्या बाईंनी चार दिवसांपूर्वीची, बिल झालेली ऑर्डर उघडली आणि विचारलं, "इथे कॅन्सलचं बटण का दिसत नाही?"

आता हे नीट बघा. "ऑर्डर रद्द" या दोन शब्दांत तीन वेगळी कामं लपलेली असतात. बिल व्हायच्या आधी रद्द करणं सोपं, कारण तेव्हा ऑर्डर ही फक्त आपल्या डेटाबेसमधली नोंद असते. बिल होऊन आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक, मिळाला की ते बिल सरकारी पोर्टलवर नोंदलं गेलेलं असतं. तो आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो, पण संपूर्ण बिलाचाच, अर्ध्या बिलाचा नाही. त्यावर मालवाहतुकीचं चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की तिथे रद्द करणं संपलं. मग क्रेडिट नोट काढायची, आणि तिचाही आयआरएन घ्यायचा. आमच्या एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे कामाचा स्कोप ठरवणाऱ्या कागदात, फक्त पहिला प्रकार होता. टेक लीडच्या डोक्यातही तोच. साहेबांच्या डोक्यात तिन्ही होते. आणि माझ्या एमओएमनुसार साहेब बरोबर होते.

दोन डेव्हलपर जवळपास तीन आठवडे क्रेडिट नोटवर बसले, त्याचं बिल लावता आलं नाही. आमच्या डिलिव्हरी मॅनेजरनी मला बोलावलं, ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि एवढंच विचारलं, "हे निश्चित कुणी केलं?"

आज मी तीच नोंद अशी लिहीन (प्रत्यक्षात हे इंग्रजीत जातं, इथे मराठीत) :

> स्कोप स्पष्टीकरण ७ : ऑर्डर रद्द करणे.
> विचारणा : सेल्स विभाग.
> स्पष्टीकरण : बिल तयार होण्यापूर्वी वितरक ऑर्डर रद्द करू शकेल (एसओडब्ल्यू कलम ४.२).
> समाविष्ट नाही : बिल झाल्यानंतर आयआरएन रद्द करणे, क्रेडिट नोट.
> पुढे : हे दोन्ही हवे असल्यास क्लायंटने कळवावे, त्यासाठी स्वतंत्र सीआर दिला जाईल.

सीआर म्हणजे वाढीव कामाचा वेगळा प्रस्ताव. या नोंदीतली "समाविष्ट नाही" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि लिहायला सगळ्यात जड. नवीन मुलांना ती उद्धट वाटते. "मॅडम, त्यांनी विचारलंच नव्हतं, मग नाही कशाला लिहायचं?" अरे, विचारलं नव्हतं म्हणूनच. शिवाय कलमाचा क्रमांक टाका. तो शोधायला एसओडब्ल्यू उघडावाच लागतो, आणि उघडला की निम्म्या वेळा कळतं की आपण कॉलवर जे "हो हो" म्हणालो ते तिथे नाहीच.

स्पष्टीकरणामुळे स्कोप वाढत असेल तर ते स्पष्टीकरण उरत नाही, बदल होतो. त्याची जागा सीआरमध्ये, एमओएममध्ये फक्त सीआरचा क्रमांक.

माझी सवय सांगते, हिला पद्धत वगैरे म्हणू नका. वहीतल्या प्रत्येक "ओके"समोर मी पेन्सिलीने "कुठपर्यंत?" लिहिते. उत्तर माझ्याकडे नसेल तर एमओएम पाठवण्याआधी क्लायंटच्या त्या माणसाला फोन करते. पाच मिनिटं लागतात. फोन टाळून "नंतर बघू" म्हणणाऱ्यांचा एमओएम लवकर जातो, हे मान्य.

"चालेल" म्हणजे मंजुरी नव्हे

कॉलवर माणसं "पाहतो", "चालेल", "हरकत नसावी" असं बोलतात. टिपणात हे सगळं "अप्रूव्ह्ड" होतं. आधी बघा की बोललं कोण. कॉलवर रोज येणारा समन्वयक फार गोड माणूस असतो, पण बहुतेक ठिकाणी मंजुरीचा अधिकार त्याच्याकडे नसतो. करारात ज्याचं नाव आहे तो महिन्यातून एकदा येतो आणि कॅमेरा बंद ठेवतो.

म्हणून मंजुरीचा रकाना मी दोन भागांत ठेवते : मागितलेली आणि मिळालेली. मिळालेल्यात तेच जातं ज्याचा लेखी मेल आहे, आणि त्या मेलची तारीख शेजारी लिहिलेली असते. बाकी सगळं मागितलेल्यात, मग कॉलवर कितीही हसून "चालेल" म्हटलेलं असो. मागताना नेमकं काय मागतोय तेही लिहा. "स्क्रीनला मंजुरी हवी" यावर कुणी काय उत्तर देणार? "ऑर्डर नोंदणीच्या स्क्रीन, आवृत्ती १.३, ५ तारखेच्या मेलसोबत पाठवलेल्या" असं लिहिलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं, आणि नंतर आवृत्ती १.२ ला हो म्हटलं होतं असा वाद होत नाही.

याच ठिकाणी सगळ्यांचा लाडका शॉर्टकट येतो : मेलच्या तळाशी "तीन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजले जाईल." ही ओळ करारात असेल तर जरूर टाका, आणि कलमही लिहा. करारात नसेल तर तिच्यावर फार विसंबू नका. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने मान्य केलं, असं आपण एकतर्फी ठरवू शकत नाही. त्या ओळीच्या भरवशावर काम सुरू केलेली टीम मी पाहिली आहे. काम उलटल्यावर क्लायंट शांतपणे म्हणाला, "मी तर सुट्टीवर होतो."

"क्लायंटकडून प्रलंबित" एवढंच लिहून सोडणं

त्याच पोर्टलची गोष्ट. "एसएमएस टेम्प्लेट – क्लायंटकडून प्रलंबित." ही ओळ आमच्या सलग चार एमओएममध्ये होती. चारही वेळा त्यांच्या समन्वयकाने मान डोलावली. पाचव्या कॉलवर तो वैतागला : "अहो, टेम्प्लेट तर महिन्यापूर्वी एक्सेलमध्ये पाठवली!" पाठवली होतीच. त्याच्या लेखी टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा मजकूर. आम्हाला हवी होती ती डीएलटीवर मंजूर झालेली टेम्प्लेट.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : भारतात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर त्या कंपनीने स्वतः टेलिकॉम ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी करायची असते, हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, घ्यायचं असतं आणि प्रत्येक मजकूर मंजूर करून त्याचा आयडी मिळवायचा असतो. ओटीपी, ऑर्डर क्रमांक अशा बदलणाऱ्या जागी ठरलेली खूण येते, बाकी मजकूर मंजूर झाला तसाच जावा लागतो. जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. क्लायंटच्या कंपनीची नोंदणी आम्ही आमच्या नावाने करू शकत नाही. म्हणजे त्या एका ओळीत एकामागून एक होणारी तीन कामं होती, आणि तीनही त्यांचीच. चार आठवड्यांत पहिलंही सुरू झालं नव्हतं.

यात त्यांची चूक म्हणता येत नाही. आम्ही मागितलंच नव्हतं, फक्त प्रलंबित म्हटलं होतं. नंतर ती नोंद अशी झाली :

> प्रलंबित ११ : डीएलटी नोंदणीचा आयडी, मंजूर हेडर, आणि ओटीपी व ऑर्डर-पोच या दोन मेसेजचे टेम्प्लेट आयडी व मंजूर मजकूर.
> कोणाकडून : क्लायंटचा आयटी विभाग (समन्वयकामार्फत).
> मूळ तारीख : ३. सुधारित तारीख : २४.
> न मिळाल्यास : ओटीपी लॉगिनची यूएटी सुरू होणार नाही. उरलेली यूएटी ठरल्याप्रमाणे.

शेवटची ओळ धमकीसारखी वाटू नये म्हणून काही जण ती गाळतात, तर काही जण "संपूर्ण प्रकल्पावर परिणाम होईल" असं ठोकून देतात. दोन्ही निरुपयोगी. नेमकं काय अडेल आणि काय अडणार नाही तेवढंच लिहा. आणि तारीख पुढे गेली म्हणून मूळ तारीख खोडू नका. उशीर कुणाचा हे सहा महिन्यांनी विचारलं जातं, तेव्हा दोन्ही तारखा शेजारी असल्या की आवाज चढवावा लागत नाही. आपल्यामुळे झालेल्या उशिरालाही हाच नियम. तिथे मात्र मूळ तारीख खोडण्याची घाई सगळ्यांना असते.

बाकीच्या, थोडक्यात

प्रत्येक नोंदीचा क्रमांक शेवटपर्यंत तोच ठेवा. दर आठवड्याला एकपासून नवी यादी सुरू केली की अकरा नंबरचं काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

त्याच दिवशी पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पण कॉल संपल्यावर सात मिनिटांत पाठवण्यात काही शौर्य नाही. त्यात हमखास कुणाचं तरी नाव चुकलेलं असतं.

कॉलमधून मध्येच गेलेल्या माणसाचं नाव हजेरीत टाकायचं तर "पहिली वीस मिनिटं" असंही लिहा. मंजुरीचा विषय पंचविसाव्या मिनिटाला निघालेला असतो.

दुरुस्ती मागणारा मेल आला तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका. नवी आवृत्ती काढा आणि काय बदललं ते एका ओळीत सांगा.

आणि आपल्या टीमसाठीचे शेरे वेगळ्या वहीत. "यांना स्वतःलाच माहीत नाही काय हवंय" ही ओळ एकदा आमच्या एमओएमच्या लपवलेल्या कॉलममधून क्लायंटकडे गेली होती. त्यांनी तो कॉलम उघडला, आणि पुढच्या कॉलला मुद्दा क्रमांक एक तोच होता.