शुक्रवारी नोट्स विकल्या, पैसे बुधवारी आले: ऑनलाइन विक्रीच्या पैशांचं वेळापत्रक कसं बसवावं

शनिवारी रात्री भाचीचा सांगलीहून फोन आला. "मामा, खात्यात सात हजार दिसतायत, पण काढता येत नाहीयेत. कुणी चोरले तर नाहीत ना?"

ती टी.वाय.बी.कॉम.ला आहे. मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या तिच्या नोट्स वर्गात आधीपासूनच फिरत होत्या. महिन्याभरापूर्वी तिने पेमेंट गेटवेवर, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्या वतीने घेणाऱ्या सेवेवर, खातं उघडलं आणि 150 रुपयांना पीडीएफ विकायला सुरुवात केली. ते सुरळीत चाललं होतं. मग पोरांनी छापील संच मागितला. परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. शुक्रवारी सकाळी तिने वर्गाच्या ग्रुपवर 280 रुपयांची लिंक टाकली, टपालखर्च धरून. शनिवार रात्रीपर्यंत 25 मागण्या आल्या होत्या.

पैसे चोरीला गेले नव्हते, वाटेत होते. मी पंचवीस वर्षं हिशेबाचं काम करतो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पण तिच्यासारख्या बऱ्याच मुलामुलींना नेमका हाच झटका बसतो, म्हणून तिच्या उदाहरणावरूनच सगळं मांडतो.

आधी माल नीट लावा

नोट्स विकल्या जातात त्या सुंदर अक्षरामुळे नाही, सापडण्यामुळे. भाचीने अभ्यासक्रमाच्या घटकांचा क्रम जसाच्या तसा ठेवला. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला एक पान आहे: मागच्या पेपरांत कोणता प्रश्न किती गुणांना आला, आणि त्याचं उत्तर या संचात कोणत्या पानावर आहे. उदाहरणं सोडवताना डावीकडे आकडेमोड आणि उजवीकडे "ही रक्कम का वजा केली" याची एक ओळ. बाकी सगळं साधं.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पुस्तकातला मजकूर किंवा सरांच्या छापील नोट्स उचलून विकू नयेत, तो दुसऱ्याचा हक्क आहे. आणि मुखपृष्ठावर अभ्यासक्रमाचं वर्ष मोठ्या अक्षरात लिहा. हे वर्ष भाचीने लिहिलं नव्हतं, आणि त्याचे पैसे पुढे मोजावे लागले.

पैसा तीन ठिकाणी थांबतो

गिऱ्हाइकाने पैसे भरले की ते त्याच्या खात्यातून लगेच जातात. ते गेटवेच्या कंपनीकडे येतात आणि तिथे वेगळ्या राखीव खात्यात थांबतात. तिथून शुल्क कापून ठरलेल्या दिवशी तुमच्या बँकेत जमा होतात. या शेवटच्या टप्प्याला सेटलमेंट म्हणतात. स्क्रीनवर `Captured` दिसलं तर पैसे कंपनीकडे पोचले, `Settled` दिसलं तर ते तुमच्याकडे निघाले. भाची पहिला शब्द पाहून दुसरा समजली होती.

यात लागणारा वेळ बहुतेक ठिकाणी "T+2" असा लिहिलेला असतो. T म्हणजे विक्रीचा दिवस, आणि पुढचे दोन दिवस कामाचे धरायचे, कॅलेंडरचे नव्हे. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार, बँकेची सुट्टी, हे सगळे वगळायचे. काही कंपन्या T+1 देतात, काही T+3. तुमच्या करारात काय आहे ते पाहा.

आता तिचा आठवडा बघा. तो शनिवार दुसरा होता आणि सोमवारी बँकेला सुट्टी होती.

| विक्रीचा वार | बँकेत जमा होण्याचा वार |
|---|---|
| गुरुवार | मंगळवार |
| शुक्रवार | बुधवार |
| शनिवार | बुधवार |
| रविवार | बुधवार |
| सोमवार | बुधवार |
| मंगळवार | गुरुवार |

शुक्रवारपासून सोमवारपर्यंत चार दिवसांची विक्री एकाच दिवशी एकगठ्ठा येणार होती. फोनवर मी तिला कॅलेंडर काढून मोजायला लावलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्पच बसली.

पैसे उशिरा येण्याने कुणाचं अडतं?

पीडीएफ विकताना दोन काय, पाच दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही, कारण एक प्रत जास्त विकली म्हणून खिशातून काही जात नाही. छापील संचाचं तसं नाही. 84 पानांचे 84 रुपये, स्पायरल बाइंडिंगचे 30, टपालाचे साधारण 50, म्हणजे एका संचामागे 164 रुपये. 25 संचांचे 4,100. हे पैसे झेरॉक्सवाल्याला आणि टपालाला मंगळवारपर्यंत द्यायचे होते, आणि गेटवेचे पैसे बुधवारी येणार होते. तिच्या बँकेत होते 1,900. कमी पडत होते 2,200.

गंमत अशी की तिच्या नोट्सचा चौथा घटक रोख अंदाजपत्रकाचा आहे. 'उधारी एक महिन्याची, मजुरी त्याच महिन्यात' अशी उदाहरणं तिने वर्गातल्या अर्ध्या पोरांना शिकवली होती. मी म्हटलं, "अगं, तोच तक्ता काढ, फक्त महिन्यांच्या जागी वार लिही." तिने काढला. पहिली ओळ हातातली रोख, दुसरी त्या दिवशी बँकेत खरोखर येणारी रक्कम, तिसरी त्या दिवशी द्यायची रक्कम, चौथी शिल्लक. मंगळवारची शिल्लक उणे 2,200 आली. हा आकडा आधी कळला असता तर लिंक टाकायच्या आधीच काहीतरी करता आलं असतं.

हा तक्ता वहीत काढला तरी चालतो. एकच नियम पाळा: विक्री झाली त्या दिवशी रक्कम लिहायची नाही, ती ज्या दिवशी बँकेत येणार त्या दिवसाखाली लिहायची.

त्या रात्री मी तिला 2,200 रुपये यूपीआयने पाठवले. ते क्षणात पोचले. "तुझे लगेच येतात, मग त्यांचे का नाही?" हा तिचा प्रश्न रास्त होता आणि उपायही त्यातच होता.

कोणत्या मालाला कोणता रस्ता

एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे थेट खात्यात येतात, मध्ये कुणी थांबवत नाही, शुल्कही नाही. मग सगळंच स्वतःच्या क्यूआर कोडवर का घेऊ नये? कारण मग प्रत्येक पेमेंट तुम्हालाच तपासावं लागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता कुणी पैसे भरले तर त्याला पीडीएफ पाठवायला तुम्हाला जागं राहावं लागतं. शिवाय खोटे स्क्रीनशॉट येतात. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चित्रावर कधीही विसंबू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली तरच माल पाठवा. गेटवेची लिंक हे सगळं आपोआप करते, म्हणून ती शुल्क घेते.

म्हणून भाचीने आता वाटणी केली आहे. पीडीएफ गेटवेवर, कारण तिथे उशीर परवडतो आणि रात्रीची कटकट वाचते. छापील संच थेट यूपीआयवर, कारण तिथे आधी खर्च आहे आणि मागण्या मोजक्या असतात. माझ्या मते तिच्याएवढ्या व्यवहाराला याहून चांगली व्यवस्था नाही. काही गेटवे जादा शुल्क घेऊन पैसे त्याच दिवशी देतात. ते एखाद्या अडचणीच्या वेळी ठीक, रोजची सवय लावून घेऊ नये.

दुकानदारांना मिळणारा व्यापारी क्यूआर कोड हा तिसरा प्रकार. त्यात काही ॲप दिवसभराचे पैसे साठवून दुसऱ्या दिवशी देतात. तो घेणार असाल तर आधी हे विचारून घ्या.

बुधवारी रक्कम कमी का आली

पीडीएफची रक्कम बाजूला ठेवून फक्त संचांचं बघू. 25 संचांचे 7,000 रुपये. तिच्या गेटवेचं शुल्क 2 टक्के, म्हणजे 140. त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 25.20. हे वजा जाता 6,834.80 यायला हवे होते. आले 5,994.80. तिचा पुन्हा फोन.

कमी आलेले 840 म्हणजे बरोबर तीन संच. तिघे जण जुन्या अभ्यासक्रमाचे निघाले, त्यांनी मंगळवारी सकाळी पैसे परत मागितले आणि तिने स्क्रीनवर `Refund` दाबलं. गेटवे परताव्याची रक्कम तुमच्याकडे मागत नाही, पुढच्या जमेतून परस्पर कापतो. तिघांच्या व्यवहारांवर लागलेलं शुल्कही परत मिळालं नाही. म्हणजे संच विकला नाही तरी प्रत्येकी 6 रुपये 61 पैसे गेलेच. ते तीन संच टपालात पडले नव्हते म्हणून 150 रुपये तेवढे वाचले.

शेवटी हिशेब असा: आले 5,994.80, गेले 3,950, उरले 2,044.80 आणि घरात तीन संच. माझे 2,200 तिने बुधवारी संध्याकाळीच परत केले.

यावरून एक सवय लावून घ्या. बँकेत जमा झालेल्या रकमेला विक्रीशी थेट जुळवायला जाऊ नका, ती कधीच जुळत नाही. गेटवेच्या सेटलमेंट अहवालात प्रत्येक जमेमागची विक्री, शुल्क, कर आणि परतावे वेगवेगळे दिसतात. तो उतरवून घ्या आणि त्यावर टिकमार्क करा.

पैसे खरोखरच अडकले तर

ठरलेला दिवस उलटला तर आधी स्क्रीन बघा. `Authorized` एवढंच दिसत असेल, तर गिऱ्हाइकाचे पैसे रोखले गेलेत पण तुमच्याकडून ते स्वीकारले गेलेले नाहीत. असे व्यवहार मुदत संपली की आपोआप परत जातात. सेटिंगमध्ये स्वीकार आपोआप होईल असं ठेवा.

सगळेच पैसे थांबले असतील तर बहुधा केवायसी अपुरी असते. पैसे गोळा होत राहतात, पण बँकेत येत नाहीत. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि बँकेत नाही, एवढ्यावरूनही अडतं. म्हणून लिंक फिरवण्याआधी दहा-वीस रुपयांची एक खरी विक्री मैत्रिणीला करून बघा आणि ते पैसे बँकेत उतरेपर्यंत थांबा.

`Settled` दिसतंय पण बँकेत काही नाही, असं असेल तर त्या जमेसमोरचा यूटीआर, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घ्या आणि बँकेत त्यावरून शोध घ्यायला सांगा. नुसती तारीख आणि रक्कम सांगितली तर शोधायला वेळ लागतो.

आणि गिऱ्हाईक म्हणालं की "माझे कापले गेले, तुम्हाला मिळाले नाहीत", तर त्याच्याशी भांडू नका आणि स्वतःच्या खिशातून परतही करू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला केलेला असा अर्धवट व्यवहार पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवा, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. ती त्याला बँकेकडून मिळते, तुमच्याकडून नाही. भाचीने हे दोन वाक्यांत लिहून ठेवलंय, तक्रार आली की तेवढंच पाठवते.