‘नॉमिनेशन’ एवढाच मेसेज आला तर सचिवाने उत्तर कसं द्यावं

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचं सचिवपद घेतलं की फोनवर हे सुरू होतं. ‘लीकेज’. ‘पार्किंग’. ‘एनओसी’. ना नमस्कार, ना फ्लॅट नंबर, ना पुढे काही. लीकेजला प्लंबर पाठवला की झालं. पार्किंगचं उत्तर बहुतेक वेळा ‘जागा नाही’ हेच असतं. डोक्याला ताप होतो तो ‘नॉमिनेशन’चा, कारण त्या एका शब्दामागे तीन वेगवेगळी कामं असू शकतात आणि चुकीच्या कामाची माहिती दिली तर ती माणसाला महागात पडते.

याबाबत जो सल्ला सगळीकडे मिळतो तो असा, की उलट विचारा, ‘नेमकं काय हवंय?’ मला हे अजिबात पटत नाही. डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने दांडा धरून ज्याने एक शब्द टाइप केलाय, तो दुसरा टाइप करणार नाही. आणि नेमकं काय विचारायचं हे कळत असतं तर त्याने ते आधीच विचारलं असतं. तुमचा प्रश्न तिथेच पडून राहतो आणि महिन्याभराने सर्वसाधारण सभेत ‘सचिव उत्तरच देत नाहीत’ असं ऐकावं लागतं. दुसरा प्रकार म्हणजे अख्ख्या उपविधींची पीडीएफ पाठवून मोकळं होणं. ती कोणी उघडत नाही.

उत्तर एकच द्यायचं, तेही पुरतं, आणि ते कोणत्या कामाचं हे आधी ठरवायचं. हा ठरवण्याचा टप्पाच खरा अवघड आहे. सुरुवातीला मी शब्दाकडेच बघत बसायचो आणि अडकायचो. आता शब्द बाजूला ठेवतो आणि दोन वह्या उघडतो, सभासदांचं आय रजिस्टर आणि नामनिर्देशनाची नोंदवही. मेसेज ज्या नंबरवरून आला तो माणूस सभासद आहे का, हे पहिल्या वहीत कळतं. त्या फ्लॅटचं नामनिर्देशन आधी झालंय का, हे दुसऱ्या वहीत.

विचारणारा सभासद आहे आणि वहीत नोंद नाही, तर त्याला पहिल्यांदा नॉमिनी नेमायचाय. नोंद असेल, तर बहुतेक बदलायचाय. या दोन्हीची उत्तरं जवळपास सारखीच, फरक फक्त फीचा. आदर्श उपविधींप्रमाणे पहिल्या नामनिर्देशनाला पैसे नाहीत, नंतरच्या प्रत्येक बदलाला १०० रुपये. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींत काय आहे ते मात्र एकदा बघून ठेवा.

विचारणारा सभासदच नसेल तर हात आखडता घ्या. सभासद हयात आहे ना, हे आधी स्वतःच्या मनाशी पक्कं करा. बिल्डिंगमधलंच माणूस असतं, वॉचमनलाही माहीत असतं. सभासद वारले असतील तर हे तिसरं काम, फ्लॅट हस्तांतराचं. इथे मेसेज टाइप करायचा नाही, फोन उचलायचा. माझ्या माहितीतल्या एका सोसायटीत सचिवाने ‘नॉमिनी तुम्हीच आहात, फ्लॅट तुमच्या नावावर होईल’ एवढं लिहून पाठवलं. पुढे बहीण-भावांचं जुंपलं तेव्हा तोच स्क्रीनशॉट प्रत्येकाने आपापल्या वकिलाकडे नेला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण आलं, त्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं असंच आहे. मृत्यूनंतर सहा महिन्यांत नॉमिनीने मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करायचा आणि क्षतिपूर्ती बंधपत्र द्यायचं, हे फोनवर शांतपणे सांगा. नंतर हवं तर तेवढंच लिहून पाठवा. वारसाहक्कावर स्वतःचं मत देऊ नका, ते वकिलाचं काम.

आता एक उदाहरण घेऊ. बी विंगमधल्या ३०४ नंबरच्या मुलाचा रात्री साडेदहाला मेसेज आला, ‘नॉमिनेशन’. मुलगा सभासद नाही. सभासद आहेत त्याचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, आणि सकाळीच ते लिफ्टपाशी पेपर घेऊन उभे होते. वहीत नॉमिनी म्हणून अप्पांच्या पत्नीचं नाव, आणि त्या मागेच वारल्या. म्हणजे पहिलं नामनिर्देशन नाही, हस्तांतरही नाही. अप्पांना नॉमिनी बदलायचाय आणि फोन मुलाच्या हातात आहे. यात एक खाच आहे. मुलगा सगळं स्वतःच भरून, स्वतःच सही करून आणण्याची दाट शक्यता. तेव्हा उत्तरात ते अडवलंच पाहिजे. मी लिहिलं ते असं:

‘नॉमिनी बदलता येतो. नवा फॉर्म भरायचा, फी १०० रुपये. (सध्या आईंचं नाव आहे, ते बदलायचंय असं धरून सांगतोय.)
१. ऑफिसातून परिशिष्ट १४ चा फॉर्म घ्या, तीन प्रती.
२. नॉमिनीचं पूर्ण नाव, पत्ता, नातं, जन्मतारीख. एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत.
३. सही अप्पांचीच, तुमची चालणार नाही. शिवाय दोन साक्षीदार.
४. तिन्ही प्रती माझ्याकडे द्या, एकीवर पोच देतो.
वेगळं काही विचारायचं असेल तर उद्या सकाळी फोन करा.’

उत्तर पहिल्या ओळीत आहे, कारण फोनच्या नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं आणि पुष्कळ लोक तेवढंच वाचतात. काय गृहीत धरलं ते लगेच खाली. ते शेवटी टाकू नका. माझा अंदाज चुकलेला असेल तर समोरच्याला पायऱ्या वाचायच्या आधी कळलं पाहिजे. आणि ‘बहुधा’, ‘तुम्हाला कदाचित’ असली चाचपडणारी भाषा नको. अंदाज एका ओळीत उघड सांगितला की बाकीचं ठामपणे लिहिता येतं.

पायऱ्या चारच्या वर जाऊ देऊ नका. पोच मिळाल्यावर अर्ज पुढच्या समिती सभेसमोर ठेवायचा, इतिवृत्तात घ्यायचा आणि सभेनंतर सात दिवसांत वहीत नोंदवायचा, ही सगळी माझी कामं. ती त्याला सांगून त्याचं उत्तर लांबवण्यात अर्थ नाही. नॉमिनी अज्ञान असेल तर पालकाचं नाव लागतं, पण ३०४ मध्ये लहान मूल कोणी नाही, म्हणून तेही गाळलं. ज्याच्या घरात आहे त्याला लिहितो.

मुलाने अंगठा दाखवला. त्याचा अर्थ मेसेज वाचला, एवढाच. फॉर्मच्या तीन प्रती टेबलावर येईपर्यंत काम झालं असं धरू नका, आणि आल्या की साक्षीदारांच्या सह्यांकडे आधी बघा. दोनपैकी एक रकाना हमखास रिकामा असतो.