झेड-स्कोअर काढताना या चुका टाळा

ठाण्यात गोखले रोडवरचा बारावीचा एखादा क्लास धरा. २०० मुलांनी सराव परीक्षा दिली. गणिताचा पेपर १०० गुणांचा, सरासरी ६०, प्रमाण विचलन १६. भौतिकशास्त्राचा पेपर ५० गुणांचा, सरासरी २७, प्रमाण विचलन ६. एका मुलीला गणितात ७६ मिळाले आणि भौतिकशास्त्रात ३६. घरी लगेच टक्के काढले जातात: गणित ७६, फिजिक्स ७२. मग सल्ला येतो, "गणित बरं आहे, आता फिजिक्सकडे लक्ष दे."

सल्ला उलटा आहे. दोन पेपरांची काठिण्यपातळी वेगळी असते आणि गुणांचा पसाराही वेगळा असतो, म्हणून नुसत्या टक्क्यांची तुलना करता येत नाही. आपले गुण सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहेत, ते झेड-स्कोअर सांगतो.

```
z = (गुण − सरासरी) / प्रमाण विचलन

गणित:         z = (76 − 60) / 16 = 1.0
भौतिकशास्त्र:   z = (36 − 27) / 6  = 1.5
```

या वर्गात तिचं भौतिकशास्त्र गणितापेक्षा वरचढ आहे. इथवर जे केलं ती फक्त वजाबाकी आणि भागाकार. गुणांचं वितरण कसंही असो, ही दोन उत्तरं बरोबरच राहतात. घोळ सुरू होतो तो पुढच्या पायरीवर, "म्हणजे किती मुलं तिच्या मागे?" या प्रश्नापाशी. त्याचं उत्तर कोष्टकातून काढायचं तर गुण प्रसामान्य वितरणाप्रमाणे, म्हणजे वर्गात ज्याला नॉर्मल म्हणतात तसे, पसरलेले आहेत हे गृहीत धरावं लागतं. झेड काढणं आणि कोष्टक वाचणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. घाईतली मुलं त्या एकाच दमात उरकतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

कोष्टक कुठलं आहे हे न बघता वाचणं

ही चूक इतक्या वेळा दिसते की तिला जास्त जागा देतो. मुलगा झेड १.०० बरोबर काढतो, पुस्तकामागचं कोष्टक उघडतो, ०.३४१३ वाचतो आणि विचारतो, "सर, सरासरीच्या वर असून चौतिसावा पर्सेंटाइल कसा?" हा प्रश्न विचारणारा मुलगा शाबासकीला पात्र आहे, कारण उत्तर खटकलं म्हणून तो थांबला. बाकीचे ३४ लिहून पुढच्या गणिताला लागतात.

कोष्टकात नॉर्मल वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे तेवढ्या भागात येणाऱ्या मुलांचं प्रमाण, दिलेलं असतं. अशी कोष्टकं तीन प्रकारची असतात. पहिल्यात मधल्या रेषेपासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ असतं, तिथे १.०० समोर ०.३४१३ दिसतं. दुसऱ्यात डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं सगळं क्षेत्रफळ असतं, तिथे ०.८४१३ दिसतं. तिसऱ्यात झेडच्या उजवीकडे उरलेला तुकडा असतो, ०.१५८७. तिन्ही बरोबर आहेत, विचारलेला प्रश्न प्रत्येकात वेगळा आहे. क्लासच्या नोट्समध्ये एक प्रकार, पाठ्यपुस्तकात दुसरा आणि मोबाइलवर तिसरा असला की विद्यार्थी एकाची सवय दुसऱ्यावर लावतो.

ओळखायला माझी सवय एकच: कोष्टक हातात आलं की आधी झेड ०.०० ची नोंद बघायची. तिथे ०.०००० असेल तर मोजणी मधल्या रेषेपासून आहे. ०.५००० असेल तर पुढचा आकडा बघायचा. वाढत असेल तर डावीकडून मोजलंय, कमी होत असेल तर उजवीकडचा तुकडा आहे. पाच सेकंदांचं काम आहे, आणि पेन्सिलने कोष्टकावर तसं लिहून ठेवलं की पुन्हा करावं लागत नाही.

त्याच्याही आधी घंटेसारखा वक्र काढावा, मध्ये सरासरी लिहावी, आपले गुण खुणेने दाखवावेत आणि हवा तो भाग तिरक्या रेघांनी भरावा. रेघा अर्ध्याहून जास्त भागात असतील तर उत्तर ०.५ पेक्षा मोठं यायलाच हवं. "वेळ जातो" म्हणून आकृती टाळणारे विद्यार्थी नंतर ऋण झेडपाशी अडकतात. मधल्या रेषेपासूनच्या कोष्टकात ऋण झेड नसतोच. भौतिकशास्त्रात १८ गुण मिळालेल्याचा झेड −१.५. वक्र दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून १.५० समोरचं ०.४३३२ घ्यायचं आणि ०.५ मधून वजा करायचं: ०.०६६८. त्याच्या मागे वर्गातले सुमारे ७ टक्के. आकृती समोर असली तर ही वजाबाकी पाठ करावी लागत नाही, डोळ्यांना दिसते.

आता त्या मुलीकडे परत येऊ. गणितात तिच्या वर साधारण १५.९ टक्के, म्हणजे २०० पैकी सुमारे ३२ मुलं. भौतिकशास्त्रात झेड १.५, मागे ०.९३३२, तर वर सुमारे १३ मुलं. टक्क्यांत चार गुण मागे वाटणारा विषय क्रमांकात एवढा पुढे आहे.

दोन बॅचची भेळ करून एक सरासरी काढणं

गृहीतक न तपासण्याची ही सर्वांत महागडी चूक. वाशीतला एक क्लास कल्पा. ६० मुलं नवीन, त्यांची सरासरी ४० आणि प्रमाण विचलन ८. दुसरी ६० मुलं रिपीटर, त्यांची सरासरी ७६ आणि प्रमाण विचलन तेच ८. पेपर एकच, म्हणून ऑफिसमध्ये १२० जणांची एकत्र यादी होते. एकत्र सरासरी ५८ येते. प्रमाण विचलन मात्र ८ राहत नाही. प्रत्येक बॅचच्या आतल्या पसाऱ्याचा वर्ग ६४, आणि बॅचची सरासरी एकत्र सरासरीपासून १८ गुण दूर असल्यामुळे त्यात ३२४ वाढतात. बेरीज ३८८, वर्गमूळ १९.७.

आता ठरतं की ५० ते ६६ गुणांच्या "मध्यम" मुलांची वेगळी बॅच काढायची. कोष्टकाने हिशोब होतो: ५० आणि ६६ दोन्ही सरासरीपासून ८ गुण दूर, झेड सुमारे ०.४१, मधलं क्षेत्रफळ जवळपास ३२ टक्के, म्हणून ३८ मुलं. खोली ठरते, शिक्षक ठरतो. यादी लावल्यावर मुलं निघतात तेरा.

कारण कागदावर सरळ दिसतं. प्रत्येक बॅच स्वतंत्रपणे नॉर्मल धरली, तर नव्या बॅचमध्ये ५० च्या वर जाणारे फक्त १०.६ टक्के (झेड १.२५), आणि रिपीटरांत ६६ च्या खाली येणारेही तेवढेच. दोन्हीकडून सहा-सहा, फार तर सात. एकत्र आलेख काढला असता तर दोन टेकड्या आणि मध्ये दरी दिसली असती. ५८ ही सरासरी बरोबर त्या दरीत पडते, जिथे जवळपास कोणी नाही. नॉर्मल वक्र मात्र सर्वांत जास्त मुलं तिथेच दाखवतो.

मुलांचं नुकसान याहून मोठं. नव्या बॅचमधल्या एकाला ५६ गुण आहेत. स्वतःच्या बॅचमध्ये त्याचा झेड +२, म्हणजे तो तिथल्या पहिल्या दोन-तीनांत. एकत्र यादीत त्याचा झेड −०.१ आणि निरोप जातो, "सरासरीच्या किंचित खाली." रिपीटर बॅचमधल्या ६० गुणांच्या मुलाचं उलट: स्वतःच्या बॅचमध्ये −२, एकत्र यादीत +०.१. ज्याला आधाराची गरज आहे त्याला "ठीक आहेस" सांगितलं जातं आणि चांगलं करणाऱ्याला नाउमेद केलं जातं. गुण बदलले नाहीत, गट बदलला. म्हणून झेड लिहिताना शेजारी गटाचं नाव लिहिलंच पाहिजे. गट न सांगता दिलेला झेड मी वाचत नाही.

झेड काढल्याने गुण "नॉर्मल होतात" हा समजही इथेच मोडतो. सरासरी शून्यावर येते आणि प्रमाण विचलन १ होतं, पण दोन टेकड्या दोनच राहतात.

आलेख काढायला वेळ नसेल तर निदान टोकं तपासा. एखाद्या कठीण पेपरची सरासरी ३८ आणि प्रमाण विचलन २२ असेल तर शून्य गुणांचा झेड −१.७३. कोष्टक म्हणतं ४.२ टक्के मुलं शून्याच्याही खाली, म्हणजे २०० पैकी आठ जणांना उणे गुण. ऋण गुण नसलेल्या पेपरात हे अशक्य आहे, तेव्हा तिथे कोष्टक वापरू नये. सुरुवातीच्या गणिताच्या पेपरलाही ही कसोटी लावा: १०० गुणांचा झेड २.५, त्याच्या पलीकडे ०.६ टक्के, २०० मध्ये जेमतेम एक. एवढी चूक चालते.

बाकीच्या, थोडक्यात

`N(60, 256)` मधला दुसरा आकडा प्रचरण आहे, प्रमाण विचलन नाही. २५६ ने भागलंत तर ७६ चा झेड ०.०६ येईल. आधी वर्गमूळ, १६.

"वरच्या १० टक्क्यांत यायला किती गुण?" असा उलटा प्रश्न आला की मुलं कडेच्या झेडच्या स्तंभात ०.१० शोधतात. कडेला झेड असतो, क्षेत्रफळ आत असतं. डावीकडून मोजलेल्या कोष्टकात आत ०.९० च्या जवळचा आकडा शोधा. ०.८९९७ सापडतो, झेड १.२८. गुण ६० + १.२८ × १६ = ८०.५, म्हणजे ८१ हवेत.

एक्सेलमध्ये शेवटचा शब्द चुकला की क्षेत्रफळाऐवजी वक्राची उंची मिळते, आणि ती काही कामाची नाही:

```
=NORM.S.DIST(1.5,TRUE)     0.9332
=NORM.S.DIST(1.5,FALSE)    0.1295
```

संपूर्ण वर्गाचे गुण हातात असतील तर `STDEV.P` वापरा. २०० मुलांत `STDEV.S` ने फरक नगण्य पडतो, दहा मुलांत मात्र तो पाच टक्क्यांहून जास्त असतो.

आणि सराव परीक्षेचा झेड घेऊन कोष्टकातून सीईटीचा पर्सेंटाइल "काढून" देणं बंद करा. एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल नॉर्मल वक्रावरून येत नाही, मोजणीने येतो: त्याच सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळालेले किती, भागिले त्या सत्राला बसलेले एकूण, गुणिले १००. क्लासमधल्या २०० मुलांसाठीही हाच मार्ग सरळ आहे. यादी उतरत्या क्रमाने लावा आणि मोजा. त्या मुलीच्या वर भौतिकशास्त्रात खरंच १३ जण आहेत की २०, हे यादीच सांगेल, आणि दोन आकड्यांत फार अंतर पडलं तर गुण नॉर्मल नव्हते हेही त्याच वेळी कळेल.