घरात फ्लू आला की आधी एक दिवस मागे मोजा

समजा, गणपतीतला रविवार. दुपारच्या जेवणाला बारा माणसं. धाकट्या दादाने सगळ्यांना वाढलं आणि आजीशेजारी बसून तासभर गप्पा मारल्या. तब्येत ठणठणीत. सोमवारी दुपारी १२ च्या सुमारास त्याचा घसा खवखवू लागला, अंग मोडून आलं आणि रात्री ताप १०२ वर गेला. मंगळवारी तपासणीत फ्लू निघाला. त्याला वेगळ्या खोलीत झोपवलं. पण रविवारच्या पंगतीचं काय?

फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या पेशींत शिरला की काही तासांत त्याच्या नव्या प्रती बाहेर पडू लागतात. ताप, अंगदुखी आणि गळून जाणं मात्र मुख्यतः आपल्या प्रतिकारशक्तीच्या झुंजीमुळे होतं, आणि ती झुंज पेटायला वेळ लागतो. या मधल्या काळात माणसाला काही जाणवत नाही, पण नाकाघशात विषाणू वाढलेला असतो. तो बाहेर पडायला खोकला-शिंकच लागते असंही नाही. बोलताना, आरती म्हणताना उडणारे बारीक थेंब जवळच्या माणसापर्यंत पोहोचतात. म्हणून लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस फ्लू पसरवू शकतो.

पहिली पायरी म्हणजे पहिल्या लक्षणाची वेळ ठरवणं. इथेच बहुतेकांची चूक होते, कारण मोजणी ताप चढल्यापासून किंवा रिपोर्ट आल्यापासून सुरू केली जाते. रुग्णालाच विचारा, "नेहमीसारखं वाटत नाही असं सगळ्यात आधी कधी वाटलं?" दगदगीवर ढकललेली अंगदुखीही धरा. दादाच्या बाबतीत ती वेळ सोमवार दुपार.

तिथून २४ तास मागे जा. रविवार दुपार आली. त्या वेळेपासून तो कोणाजवळ बसला, कोणाबरोबर गाडीत होता, कोणत्या बंद खोलीत झोपला, ते कागदावर लिहा. लांबून नमस्कार केलेल्यांची नावं नकोत. जवळ बसून बोललेले, एका ताटात जेवलेले आणि एका खोलीत झोपलेले पुरे.

आता प्रत्येक नावापुढे दादाशी झालेल्या शेवटच्या जवळच्या संपर्कापासून चार दिवस पुढे मोजा. लागण झाल्यावर लक्षणं एक ते चार दिवसांत, बहुधा दोन दिवसांत दिसतात. आजी रविवारी संध्याकाळी आपल्या घरी परतली, म्हणून तिचे चार दिवस गुरुवारी संध्याकाळी संपतात. वहिनी मात्र रोज त्याच्या खोलीत जाते, म्हणून तिची मोजणी रोज नव्याने सुरू होते. "मला तर काहीच झालं नाही" असं ती शुक्रवारी म्हणाली, तरी ती अजून सुटलेली नसते.

या दिवसांत यादीतली माणसं बरी दिसली तरी त्यांनी घरातल्या नाजूक माणसांपासून अंतर ठेवायचं. तान्हं बाळ, गरोदर बाई, पासष्टीपुढची माणसं, दम्याचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांच्याजवळ जाणं टाळता येत नसेल, तर नाकावर नीट बसणारा मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. हात धुवाच, पण केवळ सॅनिटायझरवर विसंबू नका. हवेतल्या थेंबांवर त्याचा इलाज नाही. आणि पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून दादा बाहेर आला, तर घात होईल. गोळी ताप उतरवते, विषाणू नाही.

आजीला मधुमेह असेल तर तिच्या डॉक्टरांना लगेच फोन करा, लक्षणांची वाट पाहू नका. रविवारी फ्लूच्या रुग्णाजवळ बसली होती, एवढं स्पष्ट सांगा. अशा माणसाला प्रतिबंधक औषध द्यायचं का, हे ते ठरवतील. द्यायचं तर संपर्कानंतर ४८ तासांच्या आत सुरू करणं बरं. म्हणूनच मंगळवारी दुपारच्या आत फोन झालेला चांगला.

या मोजणीला एक मर्यादा आहे. काहींना लागण होते, पण लक्षणं कधीच येत नाहीत, मग मागे मोजायला तारीखच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये घराघरांतल्या लोकांचे आठवड्यातून दोनदा नमुने घेतले, तेव्हा सुमारे ४४ टक्के लागणी लक्षणांविनाच निघाल्या. त्या माणसांकडून घरातल्या साधारण ६ टक्के लोकांना लागण झाली. म्हणजे धोका खोकणाऱ्या रुग्णापेक्षा कमी, पण शून्य नाही. माझ्या मते यावर उपाय वर्षभर मास्क हा नाही. आजीसाठी दरवर्षी फ्लूची लस घ्या, आणि ती साथीच्या आधी. लस काम करू लागायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा गणपतीच्या पंगतीसाठी ती श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यातच टोचलेली हवी.