पावसानंतरचं लक्ष्य आणि हलणारा भाव: डकवर्थ-लुईस तक्ता हाताने कसा वाचावा

पहिल्या संघाने ५० षटकांत २५० केल्या. पाठलाग करणाऱ्यांच्या २० षटकांत २ बाद ९० झाल्या आणि पाऊस आला. सामना पुन्हा सुरू होतो तेव्हा १० षटकं कापलेली असतात आणि फलकावर नवं लक्ष्य झळकतं: २१३. आधी १८० चेंडूंत १६१ हव्या होत्या, आता १२० चेंडूंत १२३. आवश्यक धावगती ५.३७ वरून ६.१५ झाली. घरात टीव्हीसमोर बसलेला कुणीतरी लगेच म्हणतो, "गेली मॅच." आणि त्याच क्षणी, कोण जिंकणार यावर पैजा लागतात त्या मॅच विनरच्या बाजारात पाठलाग करणाऱ्यांचा भाव खाली येतो, म्हणजे त्यांची जिंकण्याची शक्यता वाढलेली असते.

बाजार चुकत नाही इथे. धावगती बघणारा चुकतो. ते का, हे समजायला कागद, पेन्सिल आणि तक्त्यातले मोजके आकडे पुरतात. पैसे लावावेत की नाही हा या लेखाचा विषय नाही. भाव हा फक्त शक्यतेचा आरसा म्हणून वाचायचा आहे.

आधी तक्ता समजून घ्या

पावसाने षटकं कापली तर नवं लक्ष्य ठरवायची ही पद्धत काढणारे फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांची कल्पना अशी की फलंदाजी करणाऱ्या संघाकडे शिदोरी दोन गोष्टींची असते, उरलेली षटकं आणि हातातले गडी. दोन्ही मिळून किती टक्के शिदोरी उरली, ते तक्ता सांगतो. ५० षटकं आणि १० गडी हातात असतील तर १०० टक्के. आपल्याला लागणारे आकडे जुन्या, छापील तक्त्यातले आहेत:

| उरलेली षटकं | ० बाद | २ बाद | ५ बाद |
|---|---|---|---|
| ५० | १०० | ८५.१ | ४९.० |
| ३० | ७५.१ | ६७.३ | ४४.७ |
| २० | ५६.६ | ५२.४ | ३८.६ |
| १० | ३२.१ | ३०.८ | २६.१ |

उभा रकाना वरून खाली वाचून बघा. एकही गडी बाद नसताना ३० वरून २० षटकांवर आलं तर १८.५ टक्के जातात; ५ बाद असताना तेवढ्याच १० षटकांचे फक्त ६.१ टक्के. निम्मा संघ तंबूत परतला असेल तर जास्तीची षटकं वापरायला माणसंच नसतात, म्हणून त्या षटकांची किंमतही कमी.

लक्ष्य काढा

पाऊस आला तेव्हा काय उरलं होतं ते बघा: ३० षटकं, २ बाद, म्हणजे ६७.३. खेळ सुरू झाला तेव्हा उरली २० षटकं, २ बाद, म्हणजे ५२.४. वजाबाकी १४.९. एवढी शिदोरी पावसाने खाल्ली. दुसऱ्या संघाला एकूण मिळाली १०० वजा १४.९, म्हणजे ८५.१ टक्के. पहिल्या संघाने पूर्ण १०० टक्के वापरून २५० केल्या होत्या, तेव्हा २५० चे ८५.१ टक्के काढा: २१२.७५. अपूर्णांक सोडून द्या, २१२. ही बरोबरीची धावसंख्या. जिंकायला एक जास्त, २१३.

आता हाच पाऊस २ नव्हे, ५ बाद असताना आला असता तर? गेलेली शिदोरी ६.१, मिळालेली ९३.९, लक्ष्य २३५. खराब खेळलेल्या संघाला मोठं लक्ष्य, हे ऐकून लोक चिडतात. पण पाच गडी गमावलेल्या संघाचं पावसाने फारसं काही नेलेलंच नसतं, मग सूट तरी कशाची द्यायची?

एक फाटा लक्षात ठेवा. पहिल्याच डावात पाऊस आला आणि दुसऱ्या संघाकडे पहिल्यापेक्षा जास्त शिदोरी आली, तर गुणाकार करत नाहीत. दोघांच्या टक्केवारीतला फरक घेऊन तेवढे टक्के एका ठराविक सरासरी धावसंख्येचे काढतात आणि पहिल्या संघाच्या धावांत मिळवतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांसाठी ती सरासरी २४५ धरलेली आहे. म्हणून तर कधी कधी पहिल्या संघाने १८० केल्या असतानाही दुसऱ्याला त्याहून जास्त मागितल्या जातात.

पार काढा, कारण भाव त्याच्याभोवती फिरतो

लक्ष्य हे डाव पूर्ण झाला तर लागतं. पार म्हणजे खेळ या क्षणी कायमचा थांबला तर बरोबरीसाठी लागणाऱ्या धावा. पाऊस आला तेव्हा ६७.३ टक्के शिल्लक, म्हणजे ३२.७ टक्के वापरलेले. २५० चे ३२.७ टक्के ८१.७५. धावा झाल्यात ९०. संघ पारच्या सव्वाआठ धावा पुढे.

आता पावसानंतर तोच हिशेब करा. नवी एकूण २१२.७५, त्यातून उरलेल्या ५२.४ टक्क्यांचे १३१ वजा करा. उत्तर पुन्हा ८१.७५. आघाडी जशीच्या तशी, सव्वाआठ! ही पद्धत पुढे असलेल्याची आघाडी जपते आणि उरलेला खेळ तेवढा छोटा करते. छोट्या खेळात मागे असलेल्याला वर यायला वाव कमी. ३० षटकांत आठ धावांची आघाडी म्हणजे फारसं काही नाही, २० षटकांत तिला जरा वजन येतं. धावगती वाढली खरी, पण तेच आठ गडी आता कमी षटकांत खर्च करायचे आहेत, त्यामुळे फटके मारायची मोकळीकही वाढली.

भावात उतरवा

दशांश भाव असेल तर १ ला भावाने भागा: १.६४ म्हणजे सुमारे ६१ टक्के. दोन्ही संघांच्या टक्क्यांची बेरीज बहुधा १०० च्या वर जाते. वरचे टक्के भाव देणाऱ्याचा नफा असतो, ते आधी काढून टाका.

दोन्ही संघ तुल्यबळ धरले, तर आठ धावांच्या आघाडीवर पावसाआधी साधारण ५९ टक्के, म्हणजे भाव १.६९, आणि १० षटकं कापल्यावर ६१ टक्के, भाव १.६४, असा माझा अंदाज. हे आकडे तक्ता देत नाही, ते माझे आहेत. पण इथे दिशा महत्त्वाची. फरक छोटाच आहे. खरी उलथापालथ ढग दिसतात तेव्हा होते, आणि ती नव्या लक्ष्यामुळे होत नाही.

समजा २० षटकं पूर्ण झाली आणि पाऊस येऊन खेळ पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता ४० टक्के आहे. एकदिवसीय सामन्यात दुसऱ्या डावाची २० षटकं झाली की निकाल लागू शकतो. संघ पारच्या पुढे असल्याने ते ४० टक्के सरळ त्याच्या खिशात. उरलेल्या ६० टक्क्यांत तो ६१ टक्के वेळा जिंकतो, म्हणजे ३६.६. एकूण ७६.६ टक्के, भाव १.३१.

आता एकच गोष्ट बदला. विसाव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर तिसरा गडी गेला. ३० षटकं आणि ३ बाद याचा आकडा ६१.६ आहे. वापरलेली शिदोरी ३८.४ टक्के, पार ९६. धावा ९०च. आठने पुढे असलेला संघ एका चेंडूत सहाने मागे गेला. खेळ थांबला तर पराभव, म्हणून ते ४० टक्के आता समोरच्याचे. उरलेल्या ६० मध्ये जिंकण्याची शक्यता ४३ टक्के धरली तर एकूण २६, आणि भाव १.३१ वरून थेट ३.८० च्या वर. कोरड्या दिवशी याच विकेटने भाव एवढा उसळला नसता. पावसाच्या सावलीत फलंदाज विकेट का सांभाळतात, त्याचं उत्तर या एका चेंडूत आहे.

हेच सगळं १८व्या षटकात घडलं असतं तर? तिथे खेळ थांबला तर निकालच नाही, आणि बहुतेक बाजारांत अशा वेळी पैसे परत होतात. मग ४० टक्क्यांचा तो तुकडा कुणाच्याच खात्यात जात नाही. म्हणून काळे ढग असताना १९व्या आणि २१व्या षटकातले भाव एका मापाने वाचू नका. ट्वेन्टी-२० मध्ये हाच उंबरठा ५ षटकांवर असतो.

पार म्हणजे बरोबरी, विजय नव्हे

हे वाक्य फोनच्या पडद्यावर लिहून ठेवायला हरकत नाही. २००३ च्या विश्वचषकात डर्बनला श्रीलंकेच्या २६८ चा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेने ४५ षटकांत ६ बाद २२९ केल्या. मार्क बाउचरने मुरलीधरनला षटकार मारला आणि पुढचा, षटकाचा शेवटचा चेंडू शांतपणे खेळून काढला, कारण २२९ पुरेशा आहेत असा निरोप आत गेला होता. पाऊस वाढला, खेळ संपला. २२९ ही पार होती. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला.

तुमचं उत्तर आणि पडद्यावरचं उत्तर जुळलं नाही तर

२०२३ च्या आयपीएल अंतिम सामन्यात गुजरातने २१४ केल्या. चेन्नईच्या डावाचे जेमतेम तीन चेंडू झाले होते तेव्हा पाऊस आला आणि शेवटी १५ षटकांत १७१ चं लक्ष्य ठरलं. छापील तक्त्यात १० गडी हाती असताना २० षटकांना ५६.६ आणि १५ षटकांना ४५.२ टक्के. २१४ ला ४५.२ ने गुणा, ५६.६ ने भागा: १७०.९. लक्ष्य १७१. ते तीन चेंडू मी हिशेबात धरलेले नाहीत, तरी उत्तर जुळतं.

नेहमी असं होत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत संगणकावरची आवृत्ती वापरतात आणि २०१४ नंतर स्टीव्हन स्टर्न यांनी तिचा सांभाळ केला, म्हणून आता नावात तिसरं आडनाव आहे. पहिल्या संघाने ३५० सारखा डोंगर उभा केला असेल तर ही आवृत्ती टक्केवारीचा उतारच बदलते. कारण मोठ्या पाठलागात सुरुवातीपासूनच मारावं लागतं, शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवता येत नाही. अशा सामन्यात छापील तक्ता पार कमी दाखवतो, आणि तुम्हाला संघ पुढे दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात मागे असू शकतो. तुमचा हिशेब आणि बाजाराचा कल उलटे दिसले तर आधी पहिल्या डावाची धावसंख्या बघा.

आणि ओला चेंडू, निसरडं मैदान, नाबाद असलेला फलंदाज कोण, हे तक्त्याला दिसत नाही. दोन बाद म्हणजे त्याला दोन बाद, मग गेलेले दोघे सलामीचे असोत की झटपट धावांसाठी वर पाठवलेले. बाजार मात्र हे बघतो. पारपासून निघालेला भाव आणि प्रत्यक्ष भाव यांच्यात उरणारी तफावत बहुतेक वेळा याच गोष्टींची असते.