ब्रेकआउटच्या मागे धावण्याआधी स्टॉपलॉसचं अंतर मोजा

चढता शेअर 500चा अडथळा तोडून 520वर गेला की हात शिवशिवतात. पण मागचा तळ 480ला असेल, तर स्टॉपलॉस 40 रुपये लांब पडतो. 2,000 रुपयेच घालवायची तयारी असेल, तर जेमतेम 50 शेअर घेता येतात.

त्यापेक्षा असं करा:

1. डेली चार्टवर 480ला आडवी रेघ मारा आणि भाव खाली येऊ द्या. उतरताना व्हॉल्यूम आटला पाहिजे. लाल कँडलबरोबर तो वाढत असेल तर कोणीतरी माल काढतोय, लांबच राहा.
2. समजा भाव 496ला टेकला. तेवढ्यावर घेऊ नका, तळ अजून ठरलेला नाही. आदल्या दिवसाच्या हायच्या वर, म्हणजे इथे 504च्या वर, क्लोज मिळाला की 480पेक्षा उंच तळ पक्का धरा.
3. 505ला खरेदी, 495ला स्टॉपलॉस. जोखीम 10 रुपये, म्हणजे त्याच 2,000 रुपयांत 200 शेअर.

मात्र स्टॉपलॉस जवळ असला तरी सकाळी भाव थेट 485ला उघडला, तर तोटा दुप्पट होतो. कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी म्हणूनच हे टाळा. काही शेअर मागे येतच नाहीत. ते सोडून द्यायचे.